हरकत कोणाचीच नव्हती

डोंबिवली पूर्वेचा आमचा फ्लॅट बाबांनी 1984 साली घेतला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा 2006 मध्ये गेले, आई 2016 मध्ये गेली, आणि त्यानंतर घर बंद राहिलं. आम्ही चार भावंडं. दादा नागपूरला, ताई लग्नानंतर कोल्हापूरला, मी डोंबिवलीतच, आणि धाकटा भाऊ न्यू जर्सीला. ताई 2012 मध्येच आजारपणात गेली होती. घराची किल्ली माझ्याकडे होती, आईचं शेवटच्या वर्षांतलं सगळं मी पाहिलं होतं, आणि सोसायटीच्या दप्तरी आईने नॉमिनी म्हणून माझं नाव दिलं होतं. घर विकायचं ठरलं तेव्हा व्यवहार मीच बघायचा, हेही आपोआप ठरलं. दादा फोनवर म्हणाला, “आमची कुणाची हरकत नाही. कुठे सही करायची तेवढं सांग.”

हरकत खरोखरच कोणाची नव्हती. भांडण नाही, अबोला नाही, कोर्टात दावा नाही. तरीही घर विकायला वर्षाहून जास्त काळ गेला. त्या काळात मला कळलं की “माझी हरकत नाही” या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा कागद वेगळा असतो. त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे हे वाक्य नेमकं कोणाकोणाकडून घ्यायचं. घरची माणसं आणि कायद्याचे वारस या दोन याद्या सारख्या नसतात.

सुरुवात सोसायटीपासून झाली. सेक्रेटरींनी छापील नमुने दिले: मी नॉमिनी असल्याचा अर्ज, हमीपत्र, आणि बाकीच्या वारसांनी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे करून द्यायचं ना हरकत प्रतिज्ञापत्र. दादाने नागपुरातून ते करून पाठवलं, कोल्हापूरहून भाच्याने पाठवलं. सोसायटीचं त्यावर समाधान झालं असतं. सोसायटीला सभासद कोण, मेंटेनन्स कोण भरणार आणि पत्र कोणाच्या नावाने पाठवायचं, एवढं ठरवायचं असतं, आणि त्यासाठी ही पत्रं पुरतात.

गिऱ्हाईक मिळालं आणि त्याच्या वकिलांनी कागद मागवले. शेअर सर्टिफिकेटच्या पाठीमागे बाबांनंतर आईचं नाव चढलेलं होतं. आमच्या घरात सगळ्यांचा समज असा की बाबांनंतर फ्लॅट आईचा झाला आणि आईनंतर नॉमिनी म्हणून माझा. आमच्या वकिलांनी तिथेच थांबवलं. ते म्हणाले, “तुमच्या आई नॉमिनी होत्या म्हणून सभासद झाल्या. मालक मात्र त्या एकट्या कधीच नव्हत्या, आणि तुम्हीही नाही.” सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर करून दिले तरी तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. खरी मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. आता तर महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने हे स्पष्टच लिहिलं आहे: वारसांची नावं रीतसर लागेपर्यंत नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, आईनेही नाही. म्हणजे सगळं हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे.

मग वकिलांनी एक कोरा कागद घेतला आणि वंशावळ काढली. आपण घरी काढतो तशी नुसती नावांची नव्हे. प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावाखाली त्यांनी मृत्यूची तारीख लिहायला लावली आणि म्हणाले, “आता तारखांच्या क्रमाने चालायचं. एकेक मृत्यू म्हणजे एकेक वाटणी.” हिशेब सोपा जावा म्हणून त्यांनी सगळ्या फ्लॅटचे 120 भाग धरले.

पहिली तारीख बाबांची, 2006. त्या दिवशी बाबांचे वारस पाच: आई आणि आम्ही चार मुलं. मुलगा-मुलगी भेद नाही, लग्न झालं की नाही याचा संबंध नाही. प्रत्येकी 24 भाग. त्या दिवशी कोणी काही लिहून दिलं नाही, कुठे नोंद झाली नाही, तरी हे 24 भाग प्रत्येकाचे झाले. माणूस गेल्याच्या क्षणी वाटे उभे राहतात. कागद नंतर होतात, कधीकधी दहा वर्षांनी.

दुसरी तारीख ताईची, 2012. ती गेली तेव्हा बाबांकडून आलेले 24 भाग तिच्या मालकीचे होते. विवाहित बाईचे वारस कोण, तर तिची मुलं आणि नवरा, सगळे सारखे. म्हणजे भावोजी 8, भाचा 8, भाची 8.

तिसरी तारीख आईची, 2016. आईकडे तिचे स्वतःचे 24 भाग होते. ते तिच्या चार मुलांच्या शाखांत सहा-सहा गेले. दादाला 6, मला 6, धाकट्याला 6, आणि ताई हयात नसल्यामुळे तिचे 6 तिच्या दोन मुलांना तीन-तीन. इथे भावोजींना काही नाही, कारण सासूच्या मालमत्तेत जावई वारस नसतो.

बेरीज केली तेव्हा दादा 30, मी 30, धाकटा 30, भावोजी 8, भाचा 11 आणि भाची 11. झाले 120.

त्या कागदावरचा भावोजींचा आठ हा आकडा पाहून मी चकित झाले. ताईच्या माघारी त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. दादाने त्यांना ना हरकत पत्रासाठी विचारलंच नव्हतं. भाच्याची सही आली की ताईच्या घरचं झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. वकिलांनी क्रम उलटा करून दाखवला. ताई बाबांच्या आधी गेली असती, समजा 2004 मध्ये, तर बाबांच्या मृत्यूच्या दिवशी तिचा वाटा थेट तिच्या मुलांना गेला असता आणि भावोजी चित्रातच आले नसते. ती बाबांनंतर गेली, म्हणून वाटा आधी तिचा झाला आणि तिच्याकडून नवऱ्याकडेही गेला. दुसऱ्या लग्नाने तो आठ भागांचा हक्क कमी होत नाही. नाती तीच, माणसं तीच. फक्त दोन तारखांची अदलाबदल झाली की सही करणारं माणूस बदलतं. भावोजींना वगळून खरेदीखत झालं असतं, तर त्यांचे आठ भाग विकलेच गेले नसते. ते स्वतः काही बोलले नसते, पण त्यांच्या पश्चात त्यांचे वारस बोलू शकले असते, आणि त्या वारसांत त्यांची दुसरी पत्नीही आली असती.

यादी पक्की झाल्यावर नोटरीच्या पत्रांचा प्रश्न आला. वकिलांनी दादाचं पत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, “यांना काय करायचंय? विक्रीला संमती द्यायचीय की वाटा सोडायचाय?” पत्रात लिहिलं होतं की सदर फ्लॅट माझ्या बहिणीने विकण्यास किंवा तिच्या नावे करण्यास माझी कोणतीही हरकत नाही व भविष्यात मी हक्क सांगणार नाही. त्यांचं म्हणणं असं की या वाक्याने दादाचे 30 भाग कुठेही जात नाहीत. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर तो दस्त नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. नोटरीचा शिक्का सही त्या माणसाची आहे एवढं सांगतो. त्या शिक्क्याने हक्क एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. खरेदीदाराच्या वकिलाने नोंदणी कार्यालयात शोध घेतला तर असं पत्र तिथे सापडतही नाही. नोंदवलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन निघते, या पत्राची काहीच निघत नाही.

मी त्या रात्री दादाला फोन केला आणि हाच प्रश्न विचारला. फोन स्पीकरवर होता. वहिनीने शांतपणे विचारलं, “म्हणजे आम्ही सही केली ती घर विकायला हो म्हणून केली. वाटा सोडला असं त्यात होतं का?” ती नोकरी करणारी, हिशेबी बाई आहे, आणि तिचा प्रश्न अगदी रास्त होता. या फ्लॅटचं शेवटचं कर्ज दादाने नोकरी लागल्यावर आपल्या पगारातून फेडलं होतं. त्याला वाटा हवा होता, फक्त तोंडाने म्हणणं जड जात होतं. “हरकत नाही” म्हणताना त्याच्या मनात “विक, आणि माझं मला दे” असं होतं. धाकट्याच्या मनात मात्र वेगळंच होतं. तो म्हणाला, “आईचं सगळं तू केलंस. माझा वाटा तुझा.” दोघांनीही एकच शब्द वापरला होता. छापील नमुन्यात हे दोन अर्थ एकाच ओळीत बसवलेले होते, आणि मी दादाचं पत्र हक्कसोड म्हणून वापरायला गेले असते तर त्याच्यावर अन्याय झाला असता.

तेव्हा तीन मार्ग वेगळे केले. ज्याला पैसे हवेत त्याने खरेदीखतात माझ्याबरोबर विक्रेता म्हणून सही करायची. वेगळं ना हरकत पत्र लागतच नाही. ज्याला वाटा सोडायचाय त्याने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. आणि ज्याला हजर राहता येत नाही त्याने यांपैकी जे काही करायचं असेल ते दुसऱ्याच्या हातून करवण्यासाठी मुखत्यारपत्र द्यायचं. दादा विक्रेता झाला. भावोजी आणि भाचा विक्रेते झाले. धाकट्याचं हक्कसोडपत्र करायचं ठरलं.

धाकट्याचं काम अंतरामुळे वाढलं. हक्कसोडपत्र जिथे मिळकत आहे त्या भागाच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं होतं. त्याला येणं शक्य नव्हतं, म्हणून मुखत्यारपत्र. त्यात वकिलांनी दोन गोष्टींवर भर दिला. एक, मुखत्यार मी असून चालणार नाही, कारण वाटा मला मिळणार होता; देणारा आणि घेणारा एकच हात झाला की पुढे शंका निघते. म्हणून मुखत्यार दादा. दुसरं, मुखत्यारपत्रात नुसते “सर्व व्यवहार करण्याचे अधिकार” असे मोघम शब्द नकोत. फ्लॅटचं पूर्ण वर्णन, त्याचा वाटा, आणि तो “विनामोबदला माझ्या बहिणीच्या लाभात सोडून देण्याचा” अधिकार स्पष्ट शब्दांत हवा. त्याने न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन सही केली आणि तिथला साक्षांकनाचा शिक्का घेतला. परदेशात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र नोंदणीच्या कामासाठी तिथल्या नोटरीपुढे, न्यायालयापुढे किंवा भारतीय वकिलातीपुढे केलेलं असावं लागतं. त्याने घरी बसून सही करून पाठवलेला कागद इथे चालला नसता. मूळ प्रत कुरियरने आली. परदेशात केलेला दस्त महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणून पाकिटावरची तारीखही जपून ठेवली.

मग हक्कसोडपत्र. जवळच्या नात्यात, विनामोबदला, तेव्हा ते 200 रुपयांच्या मुद्रांकावर झालं. 2024 पासून राज्यात असे 100 आणि 200 रुपयांचे मुद्रांक 500 वर गेले आहेत. रक्कम एवढीशी असल्यामुळे हा दस्त किरकोळ वाटतो, पण त्याने धाकट्याचे 30 भाग कायमचे माझे झाले. पुढे पश्चात्ताप झाला म्हणून तो परत फिरवता येत नाही. दस्तात हक्क कोणाच्या लाभात सोडला ते नाव स्पष्ट हवं. नुसतं “माझा हक्क सोडत आहे” असं लिहिलं तर तो वाटा माझ्या एकटीकडे न येता उरलेल्या सगळ्यांत पसरला असं कोणी म्हणू शकतं. कल्याणच्या कार्यालयात दादाने मुखत्यार म्हणून सही केली, अंगठा दिला, फोटो निघाला, ओळख पटवणारे दोघे जण सोबत होते. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीला सादर करावा लागतो, म्हणून दादाचं येणं आणि मुखत्यारपत्राचं मुद्रांक शुल्क या दोन्हींची सांगड आधीच घातली होती. मुखत्यारपत्र देणारा हयात असेपर्यंतच चालतं, त्यामुळे दस्ताबरोबर धाकटा हयात असल्याचं आणि मुखत्यारपत्र रद्द केलं नसल्याचं दादाचं निवेदनही जोडलं.

कोल्हापूरला मी स्वतः गेले. हे फोनवर होण्यासारखं नव्हतं. भावोजींना वाटलं, मी भाच्याच्या सहीसाठी आले आहे. मी वकिलांचा तो कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि तारखा दाखवत आठ भागांपर्यंत आले. ते बराच वेळ कागद बघत राहिले. म्हणाले, “मला नकोत. तिचं होतं ते मुलांचं.” मी सांगितलं की नको असतील तरी आधी ते तुमचे आहेत हे मान्य करावं लागेल, मग मुलांना द्यायचे तर द्या, पण ते तुमच्या सहीने जातील. त्यांनी ठरवलं की विक्रेता म्हणून सही करायची आणि आलेले पैसे मुलांच्या नावावर ठेवायचे. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनाही मी तोच कागद दाखवला. भावोजींच्या वाट्याबद्दल त्यांना माझ्यासमोरच कळणं बरं, नंतर कुठून तरी कळण्यापेक्षा.

खरी अडचण भाचीची होती. ती तेव्हा सोळा वर्षांची. कायद्याच्या भाषेत अज्ञान. सोळा वर्षांची मुलगी “माझी हरकत नाही” असं लिहून देऊ शकत नाही, आणि तिच्या वतीने तिचे वडीलही ते सहज देऊ शकत नाहीत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचं आठवं कलम सांगतं की नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर ती विक्री ते मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतं, आणि त्यासाठी त्याला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. म्हणजे परवानगी नसती तर खरेदीदाराच्या डोक्यावर भाची एकवीस वर्षांची होईपर्यंत टांगती तलवार राहिली असती. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या अविभक्त हिश्शाला हे कलम लागत नाही, असं आमच्या एका नातेवाइकांनी ऐकलं होतं. ते खरं आहे, पण आमचा फ्लॅट बाबांची स्वकष्टार्जित मिळकत होती. ती वारसाने ज्याच्या-त्याच्या स्वतंत्र वाट्यात आली होती. त्यामुळे ती सवलत आम्हाला नव्हती.

खरेदीदार समजूतदार होता. विसारपावतीत लिहिलं गेलं की न्यायालयाची परवानगी मिळेपर्यंत खरेदीखत होणार नाही आणि परवानगी नाकारली तर विसार परत. भावोजींनी वडील आणि पालक म्हणून कल्याणच्या न्यायालयात अर्ज केला. अर्जाला शासनमान्य मूल्यांककाचा अहवाल, त्या वर्षीचा रेडी रेकनरचा दर, ठरलेली किंमत, आणि सगळ्या वारसांचे वाटे दाखवणारा तोच 120 भागांचा तक्ता जोडला. न्यायाधीशांनी भाचीच्या वकिलांना फारसं काही विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता: या विक्रीत मुलीचा फायदा काय? कायद्याचे शब्दच तसे आहेत. गरज असली पाहिजे किंवा अज्ञानाचं उघड हित असलं पाहिजे. आम्ही दाखवलं की घर बंद आहे, इमारत जुनी होत चालली आहे, 11 भाग वेगळे काढून तिला वापरता येत नाहीत, आणि ठरलेली किंमत अहवालातल्या किमतीपेक्षा कमी नाही. भावोजींचेही आठ भाग त्याच विक्रीत होते, म्हणून त्यांचा स्वतःचा फायदा मुलीच्या नुकसानीवर उभा नाही ना, हेही पाहिलं गेलं. परवानगी मिळाली ती अटींसह: मुलीच्या वाट्याची पूर्ण रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत, ती अठरा वर्षांची होईपर्यंत न मोडता, आणि पावती न्यायालयात दाखल करायची.

या वाटेवर एक गोष्ट मला पक्की समजली. भाचीच्या वाट्याचं हक्कसोडपत्र आम्हाला कधीच मिळालं नसतं. विनामोबदला वाटा सोडण्यात अज्ञानाचं हित आहे, असं कोणतं न्यायालय म्हणेल? घरात कोणी अज्ञान वारस असेल तर “आधी सगळे एकाच्या नावे करून देऊ, मग तो विकेल” हा रस्ता बंदच असतो. अज्ञान मूल शेवटपर्यंत विक्रेत्यांत राहतं आणि त्याचे पैसे त्याच्या नावाने निघतात. नाहीतर ते अठरा वर्षांचं होईपर्यंत थांबायचं.

दरम्यान खरेदीदाराच्या वकिलांनी एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली: या फ्लॅटवर कोणाचा वारसाहक्क, गहाण, दावा असेल तर चौदा दिवसांत कळवावं. आम्ही वंशावळीचं प्रतिज्ञापत्र दिलं, तिन्ही मृत्युदाखले दिले. वारसांबद्दल शंका असती तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला आणावा लागला असता. आपल्याकडे तो अजूनही 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. पुष्कळ लोक त्याऐवजी सक्सेशन सर्टिफिकेटसाठी अर्ज करतात, पण ते येणी, ठेवी, शेअर, रोखे यांच्यासाठी असतं. घर-जमिनीचा हक्क त्याने ठरत नाही.

खरेदीखताच्या दिवशी विक्रेत्यांच्या रकान्यात पाच नावं होती. माझे 60 भाग, त्यात धाकट्याच्या हक्कसोडपत्राचा दस्त क्रमांक लिहिलेला. दादाचे 30. भावोजींचे 8. भाच्याचे 11. आणि भाचीचे 11, “अज्ञान, पालनकर्ता वडील”, सोबत न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत. प्रत्येकाच्या वाट्याचा धनाकर्ष वेगळा काढायला सांगितला होता, माझ्या खात्यावर सगळी रक्कम घेऊन मग वाटायची नाही, हा आग्रह मी धरला. त्यामुळे कोणाला किती मिळाले हे खरेदीखतातच लिहिलं गेलं. पुढे कधी कोणाच्या मुलांनी विचारलं तर उत्तर दस्तात आहे.

आमच्यात एकाने जरी नाही म्हटलं असतं तर? हा प्रश्न मी वकिलांना विचारला होता. नाही म्हणणाऱ्याला सही करायला भाग पाडता येत नाही. मी माझा अविभक्त वाटा विकू शकले असते, पण राहत्या घराचा असा वाटा घेणाऱ्या परक्या माणसाला घरात सामाईक ताबा मागता येत नाही, त्यामुळे तो वाटा पडत्या किमतीलाच जातो. शिवाय उत्तराधिकार कायद्याच्या 22 व्या कलमाप्रमाणे बरोबरीच्या वारसांना तो वाटा आधी विकत घेण्याचा हक्क असतो. ते जमलं नाही तर वाटणीचा दावा, आणि दोन खोल्यांचा फ्लॅट मोजून पाच-सहा जणांत वाटता येत नसल्यामुळे शेवट बहुधा न्यायालयाच्या देखरेखीखाली विक्रीतच. म्हणजे घर शेवटी विकलंच जातं, वर्षं मात्र दावा खातो.

बाबांनी 2006 च्या आधी दोन ओळींचं मृत्युपत्र करून फ्लॅट आईला दिला असता तर ताईचा वाटा तेव्हा उभाच राहिला नसता, भावोजींचे आठ भाग आले नसते. आईने मृत्युपत्र केलं असतं तरी तिला फक्त तिच्या 24 भागांबद्दलच लिहिता आलं असतं, हे तिला कधी माहीत नव्हतं. आम्ही नवरा-बायकोने त्यानंतर आपापली मृत्युपत्रं केली. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र लागतातच.

न्यायाधीशांचा तो प्रश्न मला अजून सोडत नाही. भाची सोळा वर्षांची होती म्हणून कायद्याने कोणाला तरी विचारायला लावलं की यात हिचा फायदा काय. सज्ञान माणसाला हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे लग्न झालेल्या बहिणींना राखीपौर्णिमेला किंवा दिवाळीला बोलावून, गाडीत बसवून रजिस्ट्रार ऑफिसला नेतात, आणि दोनशे-पाचशेच्या मुद्रांकावर त्यांचा आयुष्यभराचा हक्क सुटतो. त्यांतल्या किती जणींना आपण नेमके किती भाग सोडतो आहोत आणि त्यांची आज किंमत काय, हे ठाऊक असतं? माझ्या धाकट्या भावाने वाटा सोडला तो आकडा पाहून सोडला, किंमत विचारून सोडला, म्हणून मी तो मोकळ्या मनाने घेऊ शकले. आता नात्यात कोणी ना हरकत पत्राचा नमुना मागायला आलं, तर मी आधी वंशावळ तारखांसह काढायला सांगते, प्रत्येकाचा वाटा आकड्यात लिहायला सांगते, आणि तो कागद सही करणाऱ्याच्या हातात द्यायला सांगते. तो वाचून त्या माणसाने ठरवावं, विकायचं की सोडायचं की थांबायचं. हरकत आहे की नाही, हे त्यानंतरच विचारावं.